घरात दोघं वर्क फ्रॉम होम: ब्रॉडबँड घ्यावं की हॉटस्पॉटवर भागवावं?

एकटा माणूस घरून काम करत असेल तर फोनचा हॉटस्पॉट बऱ्यापैकी पुरतो. दोघं झाले की गणित बदलतं, आणि ते डेटा दुप्पट लागतो एवढ्यापुरतं नसतं. दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी येतात. एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला अडवायला लागतं. म्हणून नव्याने घरून काम सुरू करणाऱ्या कुटुंबाने कनेक्शन घेण्याआधी काय मोजावं, काय विचारावं आणि कनेक्शन आल्यावर घरात कसं लावावं, ते क्रमाने सांगतो.

उदाहरणासाठी एक घर डोळ्यांसमोर ठेवू. साताऱ्यात भाड्याचा टू बीएचके, दुसरा मजला. बायको पुण्याच्या एका कंपनीत, रोज तीनेक तास व्हिडिओ मीटिंग आणि दिवसभर ऑफिसचं व्हीपीएन चालू. नवरा डिझाइनचं काम करतो, दिवसात एखादी मीटिंग, पण संध्याकाळी मोठ्या फाइल्स पाठवाव्या लागतात. दोघांकडे दोन जीबी रोजच्या डेटाची प्रीपेड सिम आहेत. हॉलमध्ये टीव्ही आहे आणि रात्री त्यावर काहीतरी बघितलं जातं.

आधी कागदावर हिशेब

ग्रुप व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी धरा. कॅमेरे जास्त असतील आणि चित्र एचडी असेल तर दोन जीबीपर्यंतही जातं. कॅमेरा बंद ठेवून, स्क्रीन शेअर न करता नुसतं बोललात तर तासाला 30 ते 50 एमबीमध्ये काम होतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे अडचणीच्या वेळी तोच उपयोगी पडणार आहे.

आपल्या घराचं बघू. बायकोच्या मीटिंगा तीन जीबी, तिचं बाकीचं काम एक जीबी. नवऱ्याची मीटिंग एक जीबी, फाइल्सची ये-जा एक जीबी, बाकी ब्राउझिंग वगैरे एक जीबी. कामाच्या दिवसाला झाले सात जीबी. महिन्यात 22 कामाचे दिवस धरले तर 154 जीबी, आणि यात टीव्ही नाही. एचडीमध्ये टीव्ही बघितला तर तासाला तीन जीबीपर्यंत जातात. दोन्ही सिमचे मिळून रोज चार जीबी. म्हणजे दुपारचं जेवण होऊन परत बसेपर्यंत कोटा संपत आलेला असतो. कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, आणि त्यावर मीटिंग सोडा, मेलची अटॅचमेंटसुद्धा जात नाही.

इथे कोणीही म्हणेल की आता अमर्याद फाइव्ह-जी मिळतं, मग कोट्याचा प्रश्न कुठे आला? प्रश्न येतो. अमर्याद डेटा फोन फाइव्ह-जीवर असतानाच लागू होतो. घराच्या आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, फोन गुपचूप फोर-जीवर घसरतो आणि तिथून रोजचा कोटा खर्च व्हायला लागतो. तुम्हाला कळतं ते कोटा संपल्याचा मेसेज आल्यावर. शिवाय हे अमर्याद डेटाचे प्लॅन वैयक्तिक वापरासाठी असतात आणि त्यांना अटी असतात. हॉटस्पॉटवर दोन लॅपटॉप रोज चालवायचे असतील तर त्या अटी आधी वाचून घ्या.

हॉटस्पॉटची खरी परीक्षा

हिशेबाने कौल दिला तरी एकदा मोजून बघा, कारण प्रत्येक घराचं टॉवरपासूनचं अंतर वेगळं असतं. बहुतेक जण स्पीड टेस्ट करतात, 40 एमबीपीएस आकडा दिसतो आणि निश्चिंत होतात. पण स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांची असते. मीटिंग तासाची असते, आणि तिला फार वेग नको असतो. एचडी ग्रुप कॉलला येणारे आणि जाणारे प्रत्येकी तीन-चार एमबीपीएस मिळाले तरी भरपूर झालं. तिला हवा असतो तो सलगपणा, आणि तो स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात दिसत नाही.

त्यासाठी विंडोज लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाइप करा:

```
ping -n 200 8.8.8.8
```

ही पिंगची कमांड इंटरनेटवरच्या एका सर्व्हरकडे 200 पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पाठवते आणि प्रत्येकाचं उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजते. तीन-साडेतीन मिनिटं चालेल. शेवटी दोन गोष्टी वाचा. `Lost` पुढे किती पॅकेट हरवली ते असतं. 200 पैकी दोनपर्यंत ठीक, चार-पाच हरवली तर कॉलमध्ये आवाज तुटणार. दुसरी गोष्ट `Maximum`. सरासरी 50 मिलिसेकंद आणि कमाल 120 असेल तर चांगलं. सरासरी 60 पण कमाल 900 असेल तर समोरच्याला तुम्ही अधूनमधून गोठलेले दिसणार.

हीच टेस्ट आता दोघांच्या घराच्या पद्धतीने करा. एका लॅपटॉपवर पिंग चालू ठेवा आणि त्याच हॉटस्पॉटवरून दुसऱ्या लॅपटॉपने पाचशे एमबीची फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा. पिंगच्या ओळींकडे बघत राहा. 45, 52, 48 असे आकडे येत असतात, फाइल चढायला लागली की 300, 650, 800 होतात आणि मध्येच `Request timed out` येतं. झालं असं की मोबाइलवर अपलोडचा रस्ता डाउनलोडपेक्षा अरुंद असतो. फाइलच्या पॅकेटांची त्यात रांग लागते आणि बायकोच्या आवाजाची छोटी पॅकेटं त्या रांगेच्या मागे उभी राहतात. समोरचा म्हणतो, ‘तुमचा आवाज येत नाहीये’, आणि घरात दोघं एकमेकांना विचारतात की नेट कोण खातंय.

ही टेस्ट सकाळी दहाला एकदा आणि रात्री आठ-नऊला एकदा करा. रात्री सगळी गल्ली त्याच टॉवरवर व्हिडिओ बघत असते, तेव्हाचे निकाल बहुधा वाईट येतात. नवऱ्याच्या फाइल्स नेमक्या त्याच वेळी जायच्या असतात.

आणखी एक व्यवहारातली अडचण. ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे तो फोन घरातच अडकतो. बायको भाजी आणायला गेली तर नवऱ्याची मीटिंग तुटते. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्या सिमचा डेटा कॉल संपेपर्यंत थांबतो. दिवसभर चार्जरला लावून हॉटस्पॉट चालवला तर फोन तापतो, तापला की वेग कमी करतो, आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं.

मग ठरवायचं कसं

माझं मत स्पष्ट आहे. दोघांपैकी एकाच्याही रोज दोन तासांहून जास्त व्हिडिओ मीटिंगा असतील, तर घरात फायबरचं ब्रॉडबँड घ्या आणि हॉटस्पॉट राखीव ठेवा. खर्चाकडे बघा. 100 एमबीपीएसचा प्लॅन साधारण 700 ते 800 रुपयांना मिळतो, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून महिन्याला सव्वाआठशे ते साडेनऊशे. मोठ्या कंपन्यांच्या अशा प्लॅनमध्ये महिन्याचा डेटा बहुधा 3300 जीबीपर्यंत पूर्ण वेगाने असतो. आपल्या घराचे 154 जीबी आणि वर टीव्ही मिळूनही तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

आणि 100च हवं असंही नाही. दोन एचडी मीटिंगा एकाच वेळी मिळून आठ एमबीपीएस, टीव्हीला आणखी आठ, मागे एखादा अपडेट चालू. 40-50 एमबीपीएसच्या प्लॅनवर हे आरामात होतं, अपलोडही तेवढंच असेल तर. 200-300च्या प्लॅनसाठी पैसे घालवू नका. त्यातला थोडा पैसा पुढे सांगितलेल्या केबलवर आणि बॅटरीवर घाला, फरक जास्त पडेल.

हॉटस्पॉट पुरेल अशीही घरं आहेत. दोन-तीन महिन्यांसाठीच राहायचं असेल, दोघांचं काम मेल आणि कागदपत्रांचं असेल, मीटिंगा कॅमेऱ्याशिवाय चालत असतील, तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेऊन प्रत्येकाने आपापला हॉटस्पॉट वापरावा. एकाच हॉटस्पॉटवर दोघांनी बसू नये. फोन लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केलं तर वायफायचा एक अडथळा कमी होतो.

फायबर पोहोचलेलं नसेल तर तिसरा पर्याय फाइव्ह-जीच्या एअरफायबरचा. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर डबा बसवतात आणि घरात राउटर देतात. सिग्नल बाहेरून मिळत असल्याने तो फोनच्या हॉटस्पॉटपेक्षा स्थिर असतो. पण शेवटी तोही टॉवरवरच चालतो, त्यामुळे त्याच कंपनीचं सिम त्याला राखीव म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. टॉवर बंद पडला की दोन्ही एकदम जातात.

कंपनीला फोन करण्याआधी शेजाऱ्याला विचारा

तुमच्या इमारतीत कोणतं कनेक्शन नीट चालतं हे जाहिरातीत कळत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकांना माहीत असतं. त्यांना वेग विचारू नका. ‘बंद पडलं तर माणूस किती दिवसांनी येतो?’ हे विचारा. घरून काम करणाऱ्याला त्याचंच उत्तर महत्त्वाचं. लोकल केबलवाल्याचा माणूस दोन तासांत सायकलवर येत असेल तर तो मोठ्या कंपनीपेक्षा बरा, असं मी बिनदिक्कत सांगेन.

त्यानंतर देणाऱ्याला विचारायचे प्रश्न. पहिला आणि सगळ्यात कामाचा: फायबर थेट माझ्या घरात येणार, की इमारतीतल्या डब्यापासून पुढे लॅन केबल येणार? फायबर थेट आलं तर वाटेत एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही. लॅन केबल आली तर जिन्यातल्या त्या डब्यातल्या नेटवर्क स्विचला वीज लागते, आणि इमारतीचे दिवे गेले की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट जातं. हा भेद अनेकांना पहिल्यांदा लाइट गेल्यावर कळतो.

दुसरा प्रश्न अपलोडचा. ‘100चा प्लॅन’ म्हणजे अपलोडही 100 का? काही ठिकाणी अपलोड निम्मं किंवा त्याहून कमी असतं. पाचशे एमबीची फाइल दहा एमबीपीएसने सात मिनिटांत जाते, दोन एमबीपीएसने अर्ध्या तासाहून जास्त लागतो. एमबीपीएसमध्ये बिट मोजतात आणि फाइल बाइटमध्ये असते, म्हणून आठने भागायचं विसरू नका.

बाकी पैशांचं: इन्स्टॉलेशन किती, राउटरची अनामत किती आणि ती परत कशी मिळते. सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर इन्स्टॉलेशन माफ असं बरेच जण सांगतात. आपल्यासारख्या भाड्याच्या घरात पहिला महिना एका महिन्याचाच प्लॅन घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. नीट चाललं तर पुढे लांबचा प्लॅन आहेच. राउटर कंपनीचा असेल तर घर सोडताना तो परत देऊन पावती घ्या. भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकांना एक फोन करा. खिडकीच्या चौकटीतून वायर आत घेता येत असेल तर तेच उत्तम.

जोडणीच्या दिवशी

जोडणीला येणाऱ्या माणसाला घाई असते. दारातून वायर आत आली की तिथेच, चपलांच्या कपाटावर, तो फायबरचा डबा ठेवून जातो. त्याला थांबवा. मीटिंगा सगळ्यात जास्त ज्याच्या, त्याची खोली आधी ठरवा आणि डबा त्या खोलीत किंवा तिच्या दाराजवळ बसवायला सांगा. आणखी दहा मीटर फायबर ओढायला त्या दिवशी सोपं असतं, नंतर नाही. फायबरला आत काच असते, कोपऱ्यात ती काटकोनात वाकवू देऊ नका आणि खिळ्याने दाबू देऊ नका. मोठी गोल वळणं हवीत.

डब्यावरचे दिवे त्याच्यासमोरच समजून घ्या. PON लिहिलेला दिवा स्थिर असेल तर लाइन जोडलेली आहे. LOS लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाश घरापर्यंत येतच नाहीये, म्हणजे वायर कुठेतरी तुटली किंवा निसटली आहे. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही. डब्यामागचा फायबरचा जोड नीट बसलाय ना तेवढं बघा आणि सरळ तक्रार करा. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘एलओएस लाल आहे’ म्हणालात, तर राउटर रिस्टार्ट करा वगैरे प्रश्नोत्तरं वाचतात आणि लाइनमनच पाठवतात.

माणूस जाण्याआधी एकदा लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून वेग बघा. केबलवर पूर्ण वेग मिळाला आणि आतल्या खोलीत वायफायवर मिळाला नाही, तर लाइन चांगली आहे आणि दोष घरातल्या भिंतींचा आहे. राउटर दोन नावं दाखवतो, त्यातल्या एकाच्या शेवटी `_5G` असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, ती वायफायची 5 गिगाहर्ट्झची लहर आहे. ती वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारी. दुसरी 2.4 गिगाहर्ट्झची, लांब जाणारी पण शेजाऱ्यांच्या वायफायने गजबजलेली. त्याच खोलीत बसणाऱ्याने पहिली वापरावी. दोन आरसीसी भिंतींपलीकडे बसणाऱ्याने दुसरी वापरून बघावी, आणि तरी मीटिंग अडत असेल तर कॅट-6 लॅन केबल ओढून घ्यावी. भिंतीच्या कडेने पट्टीत बसवलेली एक केबल बऱ्याच महागड्या वायफाय यंत्रांपेक्षा भरवशाची असते.

पुढे कधी कॉल तुटायला लागले तर दोष कुठे आहे हे दोन पिंगांत कळतं. एक राउटरपर्यंत, एक बाहेरपर्यंत:

```
ping -n 200 192.168.1.1
ping -n 200 8.8.8.8
```

पहिला पत्ता तुमच्या राउटरचा. काही कंपन्यांचा तो वेगळा असतो, `ipconfig` टाइप केलं की `Default Gateway` पुढे दिसतो. राउटरपर्यंतच पॅकेट हरवत असतील तर दोष वायफायचा. राउटरपर्यंत सगळं नीट आणि बाहेर हरवत असतील तर दोष लाइनचा, आणि तो कंपनीने दुरुस्त करायचा. या दुसऱ्या निकालाचा स्क्रीनशॉट तक्रारीसोबत पाठवा.

लाइट गेली तर

फायबरचा डबा आणि राउटर बहुधा 12 व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा राउटर यूपीएस मिळतो, साधारण दीड-दोन हजारांत. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचा छापील आकडा वाचा: 12 व्होल्ट, एक अँपिअर की दोन. यूपीएसचा अँपिअर तेवढा किंवा जास्त हवा. व्होल्ट मात्र तोच हवा, जास्त व्होल्टने राउटर जळतो. डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही पुरेल असा दोन आउटपुट पिनांचा घ्या. महावितरणची देखभालीची सुटी दिवसभराची असेल तर हा पुरणार नाही, पण तास-दोन तास निभावतात आणि लॅपटॉपची बॅटरीही साधारण तेवढीच असते.

राखीव हॉटस्पॉट तयार ठेवा

ब्रॉडबँड घेतलं म्हणजे हॉटस्पॉट विसरायचा नाही. पावसाळ्यात फांदी पडते, रस्ता खोदताना वायर तुटते, मिरवणुकीतल्या उंच मूर्तीसाठी वरच्या केबल्स हलवतात. वर्षातून काही वेळा लाइन जाणारच. दोघांपैकी निदान एकाचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असू द्या, कारण एकाच कंपनीची फायबर तुटली तर कधीकधी तिचा टॉवरही अडखळतो.

दोन्ही फोनच्या हॉटस्पॉटचे पासवर्ड दोन्ही लॅपटॉपमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटपुढे `Metered connection` चालू करा, म्हणजे अपडेट त्यावर शक्यतो उतरत नाहीत. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक कसं थांबवायचं ते दोघांनाही माहीत असू द्या. नाहीतर लाइन गेल्या क्षणी दिवसभराच्या फाइल्स मोबाइल डेटावरून चढायला लागतात आणि अर्ध्या तासात कोटा संपतो.

आणि घरात एक नियम ठरवून टाका. लाइन गेली की ज्याची मीटिंग चालू आहे तो लगेच हॉटस्पॉटवर जाईल आणि कॅमेरा बंद करेल. दुसरा आपल्या फोनच्या हॉटस्पॉटवर जाईल आणि मोठी फाइल चढवणार नाही. एखाद्या रविवारी राउटर मुद्दाम बंद करून हे एकदा करून बघा. ऑफिसचं व्हीपीएन नव्या नेटवर्कवर पुन्हा लॉगिन मागतं का, ओटीपी ज्या फोनवर येतो तो हाताशी असतो का, हे तेव्हाच कळतं.

मग तक्रार. प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. ठरलेल्या वेळात दुरुस्ती झाली नाही तर त्याच क्रमांकाचा दाखला देऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ही दोन पायऱ्यांची सोय दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनीच दिलेली आहे आणि अपील अधिकाऱ्याचा संपर्क कंपनीच्या वेबसाइटवर असतो. दिवसभर लाइन बंद राहिली असेल तर तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून वजा करायला किंवा वैधता वाढवायला लेखी सांगा. स्वतःहून ते क्वचितच करतात, मागितलं तर बरेचदा मिळतं.